मामाची कमेंट काढू नका

नातीची नोकरी गेली त्या दिवशी तिनं डबा पूर्ण संपवून आणला होता. एरवी भेंडी असली की अर्धी परत यायची. रिकामा डबा बघून मी म्हटलं, "आज काय झालं गं?" तर म्हणाली, "आजी, आज जेवायला भरपूर वेळ होता."

शेंद्र्याच्या एका कारखान्यात ती क्वालिटी इंजिनिअर होती. ज्या गाडीचे पार्ट ते बनवायचे, ती गाडीच बंद झाली, म्हणून कारखान्यातली ती लाइन बंद झाली. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून गोड बोलून सांगितलं, लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि शहराकडं येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसवून दिलं.

माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, आठवड्याच्या आत पर्याय काढला. त्याच्या ओळखीच्या एका संस्थाचालकाच्या ऑफिसात पुढच्या टेबलावर बसायचं, फोन घ्यायचे, आलेल्यांना पाणी विचारायचं. महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"तात्पुरतं आहे," मुलगा म्हणाला.

"पप्पा, एकदा मशीनजवळून उठून टेबलावर बसले ना, की परत मशीनजवळ कुणी घेणार नाही. मुलाखतीत पहिलं तेच विचारतील."

आमच्या घरात भांडण गप्प राहून होतं. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या बोलतात.

मग नात म्हणाली, ती लिंक्डइनवर पोस्ट टाकणार. नोकरी गेली आहे, नवी शोधते आहे, असं सगळ्या जगाला सांगायचं. मुलाचा चेहरा असा झाला, जणू ती गुलमंडीत उभी राहून भोंग्यावर ओरडणार आहे.

"गेली असं लिहू नको. ब्रेक घेतलाय असं लिही."

"पहिल्याच फोनवर पकडतात पप्पा. लाइन बंद झाली, यात माझी चूक काय?"

"बरं, मग कोणतंही काम चालेल असं तरी लिही."

"कोणतंही म्हटलं की कुणीच देत नाही."

मी भाजी निवडत ऐकत होते आणि मला माझीच आठवण येत होती. टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर एका जिनिंगच्या ऑफिसात मी पहिल्या मुलाखतीला गेले होते. आपण गरजू दिसायचं नाही, हे डोक्यात पक्कं. बहिणीची नायलॉनची साडी, हातात तिच्याच नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ. साहेबांनी विचारलं, "नोकरी कशासाठी हवी आहे?" मी मान वर करून म्हणाले, "तशी काही गरज नाही. इकडून चालले होते, म्हणून आले." साहेब बिचारे भले माणूस. "मग तुम्हाला उशीर होत असेल," म्हणाले, "किती वाजले बघा बरं." मी ऐटीत मनगट वर केलं आणि सांगितलं, "साडेदहा." त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ चार दाखवत होतं. मग ही ठमाबाई तशीच ताठ मानेनं बाहेर पडली आणि पायऱ्या उतरताना साडीत पाय अडकून दोन पायऱ्या बसून उतरली. पुढं वीज मंडळात चिकटले ते या हुशारीमुळं नव्हे.

त्यामुळं नात खरडत, खोडत बसली होती तेव्हा मला तिची अडचण बरोबर कळत होती. पहिल्या मसुद्यात ती फार दुःखी होती. ते वाचून मलाच तिला चार पैसे द्यावेसे वाटले. दुसऱ्यात ती इतकी आनंदी होती, की नोकरी गेल्याचे पेढे वाटते आहे असं वाटावं. तिसरा मसुदा तिनं मला वाचून दाखवला. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. आमची लाइन बंद झाली, त्यात माझंही काम संपलं. ज्यांच्याबरोबर शिकले त्यांचे आभार. मी मालाची तपासणी आणि ग्राहकांच्या तक्रारी बघायचे. एकदा भोक तपासायचं गेज झिजलंय हे लक्षात आल्यावर गाडीत भरून निघालेला माल गेटवर थांबवला होता. आता सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांकडून येणारा माल तपासण्याचं, काम शोधते आहे, संभाजीनगर किंवा पुणे. लगेच रुजू होऊ शकते. कुणाला अशी जागा माहीत असेल तर मेसेज करा.

"हे गाडी अडवल्याचं कशाला?" मुलगा म्हणाला. "कोण ठेवील अशी पोरगी? धंदा बंद पाडणारी!"

"तेच तर माझं काम होतं."

"गेज झिजलं म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"भोकात घालून बघायचा दांडा असतो आजी. तो झिजून बारीक झाला की लहान पडलेल्या भोकातही जातो. म्हणजे चुकीचा मालही पास."

ते वाक्य तिनं ठेवलं. नोकरी शोधतेय हे सगळ्यांना दाखवणारं हिरवं कडं तिथं फोटोभोवती लावता येतं, ते मात्र लावलं नाही. नोकरी हवी आहे हे फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल, अशी सोय तिथं असते, ती निवडली.

मंगळवारी सकाळी, लोक ऑफिसात पोचून चहा घेतात त्या सुमारास, तिनं पोस्ट टाकली आणि फोन ओट्यावर उपडा ठेवला. सून तेव्हा दवाखान्यात ड्यूटीवर. मुलानं आपलं दुकान उघडायचं सोडून पेपर उघडला होता, पान काही उलटत नव्हता. फोन गुरगुरला की तिघंही त्याच्याकडं बघायचो आणि मग नाही बघितलं असं दाखवायचो. जुन्या सहकाऱ्यांचे अंगठे आले. तिच्या आधीच्या साहेबांनी दोन ओळी चांगल्या लिहिल्या. एका वर्गमैत्रिणीनं घाईत "अभिनंदन" लिहिलं. ते तिथं तयारच सुचवलेलं असतं म्हणे, नुसतं बोट लागलं की जातं.

मग नातीनं फोन उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा," ती म्हणाली.

तिचा मामा, माझ्या सुनेचा धाकटा भाऊ, पिशोर गावात बियाण्यांचं दुकान चालवतो. बियाणं कंपनीच्या माणसानं कधीतरी त्याला लिंक्डइनवर खातं काढून दिलं होतं. सुनेनं सकाळी त्याला फोन करून सांगितलं होतं, की पोरीची पोस्ट आहे, जरा लाईक कर. लाईकवर भागवायचा त्याचा स्वभाव नाही. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं: आदरणीय सर, माझी भाची फार गुणी मुलगी आहे. घरची परिस्थिती अत्यंत नाजूक. कोणतीही नोकरी द्या, कितीही पगार द्या. प्लीज प्लीज. आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. त्याखाली त्याच्या दोन मित्रांनीही हात जोडले होते.

आठवडाभर एकेक शब्द तोलून लिहिलेली पोस्ट, आणि तिच्या पायाशी आमचं अख्खं पिशोर पदर पसरून बसलेलं.

"काढून टाक," मुलगा उठून उभा राहिला. "तुला काढता येतं ना?"

"येतं. पण त्याला वाईट वाटेल." तिचं बोट त्या कमेंटवर घुटमळत होतं.

"मीच बोलतो त्याच्याशी." मुलानं फोन लावला. "अरे, काय लिहिलंयस ते? नाजूक परिस्थिती? कुणाची? माझी?"

पलीकडचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "दाजी, नरमाईनं मागितलं की देत्यात लोक. म्या काय वंगाळ लिव्हलं?"

"आत्ताच्या आत्ता काढ!"

"व्हय व्हय. काढतो. रागावू नका."

फोन बंद झाला. तेवढ्यात नात ओरडली, "पप्पा, थांबवा त्याला!"

वाळूजच्या ज्या कंपनीला तिचा कारखाना माल द्यायचा, तिथल्या क्वालिटीच्या प्रमुखांनी लिहिलं होतं. ज्या एका माणसानं ही पोस्ट वाचावी असं तिला मनातून वाटत होतं, तो हाच, हे तिनं तेव्हा सांगितलं. आणि त्यांनी लिहिलं होतं नेमकं मामाच्या कमेंटखाली. "परिस्थितीचं राहू द्या. मला तो गेटवर थांबलेला माल आठवतो. आमची असेंब्ली लाइन त्या दिवशी खोळंबली होती. थांबवायचा निर्णय तुमचा होता की तुमच्या साहेबांचा?"

"मग उत्तर दे की," मी म्हटलं.

"मामानं कमेंट काढली, की तिच्याखालचं सगळं जातं आजी! हे पण!"

मुलानं फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. कमेंट कशी काढायची हे विचारायला मामा आपल्या बहिणीला फोन लावत असणार, आणि ती वॉर्डात. मुलगा खोलीत येरझारा घालत म्हणत होता, "उचल रे, उचल." थोड्या वेळापूर्वी ज्याला झापलं, त्याचीच आता मनधरणी चालली होती. मी नातीच्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत होते. कुठल्याही क्षणी ते सगळं पुसलं जाईल, असं वाटत होतं.

पुसलं काही गेलं नाही. एक नवी ओळ उमटली. मामानं लिहिलं होतं: सॉरी सर. घरची परिस्थिती चांगली आहे. वडील चिडले आहेत.

मला हसू आवरेना. नातही हसली आणि मग एकदम थांबली, कारण प्रश्न तसाच होता, आणि तो सगळ्यांसमोर विचारलेला होता.

"साहेबांचा होता म्हण," मुलगा हळूच म्हणाला. "सकाळीच चांगलं लिहिलंय त्यांनी. उद्या कुणी चौकशी केली तर तेच बोलणार आहेत. त्यांना कमीपणा कशाला?"

"आणि वाळूजच्या साहेबांनी त्यांनाच फोन करून विचारलं तर?"

मग तिनं लिहिली ती दोनच वाक्यं. "माल मी थांबवला. गेज दाखवल्यावर साहेबांनी तिथंच मंजुरीची सही केली." पाठवायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला उठले, माझ्या सल्ल्यानं कुणी नोकरीला लागल्याचं मला आठवत नाही.

पाठवलं. सगळ्यात आधी त्या उत्तरावर अंगठा आला तो तिच्या जुन्या साहेबांचा. वाळूजकडून काहीच नाही. चहा झाला, त्याच्यावर साय धरली. मग तिच्या इनबॉक्समध्ये मेसेज आला: गुरुवारी सकाळी प्लांटवर या, रेझ्युमे आणा, जागा आहे पण मुलाखतीच्या दोन फेऱ्या होतील.

ती जागा तिला पुढं मिळाली, हे सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या मंगळवारी आम्हाला ते कुठं माहीत होतं? पूर्वी आपलाच माल अडवणारा माणूस आपल्याकडं घ्यायचा की नाही, हे त्यांचं ठरायचं होतं. आणि दुपारी संस्थाचालकाचा फोन आला. त्यांना दुसरी मुलगी मिळत होती, आजच सांगा म्हणाले.

मुलानं नातीकडं बघितलं. ती टेबलावर कागद पसरून बसली होती, वर बघत नव्हती, पण तिचं पेन थांबलं होतं.

"नाही, ती येणार नाही," मुलगा फोनवर म्हणाला.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दुसरीकडं लागली का, असंच असणार.

"अजून नाही," तो म्हणाला, आणि फोन ठेवून दुकान उघडायला गेला.