आक्काच्या रक्ताची काच

रक्ताच्या थेंबाची काच करायला मला कोणी रीतसर शिकवलं नाही. रत्नागिरीत एका लहानशा लॅबमध्ये मी काचा धुवायला लागले आणि बघून बघून शिकले. काचेच्या एका टोकाला थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरपी धरून तो पुढे ढकलायचा, न थांबता, न दाबता. जिभेसारखा पट्टा उमटला पाहिजे, टोकाला विरत गेलेला. मग वाळवायचं आणि जांभळा रंग ओतायचा. पुढचं म्याडमचं काम. त्या पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकात, आमच्या भाषेत दुर्बिणीत, बघून निदान लिहिणाऱ्या. माझा हात चांगला बसलाय असं त्याच म्हणायच्या, म्हणून मी सांगते.

तर त्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं रक्त माझ्याच हातात आलं.

आक्का गावातून एसटीने आली. श्रावणाचे दिवस, सगळीकडे ओल. बाकावर बसल्या बसल्या मी तिच्या पायाकडे बघितलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"आक्का, दुसरी चप्पल खंय?"

तिने खाली बघितलं. "अगो बाय, गेली वाटतं स्टँडवर."

"आणि तुला कळलं नाय?"

"पाय बधीर झालेत गो. कापसावरून चालल्यासारखं वाटतं. वयच झालं आता."

चप्पल निसटते आणि बाईला कळत नाही, हे मला काही बरं वाटलं नाही. आणखी एक, ती पिवळट दिसत होती, लिंबासारखी. गावात मात्र तिचं कौतुक. तिचा मुलगा बोटीवर होता तेव्हा मोठं वादळ झालं, कितीतरी दिवस त्याचा फोन लागेना. आक्काने नवस केला, तो सुखरूप आला तर मासळी बंद, अंडं बंद. तो आला. आता मुंबईत किनाऱ्यावरच नोकरी करतो, बायको-मुलांसकट. पण आक्काने नवस सोडला नाही. दूध तिला लहानपणापासून पचत नाही, चहा कोराच. तर शेजारणी म्हणायच्या, "बघा, नवसाचं तेज आलंय तोंडावर." तीही खूश. दम लागायचा, जीभ झोंबायची, ते कोणाला सांगत नव्हती. बीट खा, खजूर खा, लाल ते खाल्लं की रक्त होतं, एवढंच तिच्या डोक्यात. आमसुलाचं सारही त्याच हिशोबाने प्यायची.

गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. मशीनमधून कागद आला तो मीच उचलला. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट कमी. तिन्ही कमी.

आता तिन्ही कमी म्हणजे काय, हे मला लॅबमध्ये राहून थोडंफार माहीत झालेलं. अर्धवट माहिती ही फार वाईट चीज. मागे एका माणसाचे असेच तिन्ही कमी आलेले, काचेवर म्याडमना मोठ्या मोठ्या कच्च्या पेशी दिसल्या. कॅन्सरच्या. त्याला मुंबईला पाठवलं. माझ्या डोळ्यांसमोर तोच माणूस आला.

म्याडमनी कागद बघितला. "काच लागेल. तुम्ही करता, की मी करू?"

"मीच करते," म्हणाले. का म्हणाले देव जाणे. पहिल्याच ढकलीत हात अडखळला, पट्टा जाड झाला. जाड पट्ट्यात पेशी एकमेकींवर चढतात, काही कळत नाही. टाकली. दुसरी बरी झाली, पण वाळेना. ओल्या काचेवर रंग घातला की तांबड्या पेशींत चमकणारी खोटी भोकं दिसतात. मी काच हातात धरून पंख्यासारखी हलवत दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालायला लागले.

बाकावरून आक्का म्हणाली, "काय गो, आरती ओवाळतेस काय माझी?"

"गप बस."

"मी गपच आहे. तूच धावतेस."

रंग ओतला, वर पाणी घातलं, बसले. बसवेना. उठून खिडकी लावली, परत उघडली. धुऊन, वाळवून काच म्याडमच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. लॅबमध्ये इतके दिवस काढले, पण कोणी दुर्बिणीत इतकं हळू बघतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या पट्ट्याच्या विरळ टोकाकडे गेल्या. मोठ्या वाईट पेशी असल्या तर तिथे सापडतात. परत मध्ये आल्या. परत टोकाकडे.

मी विचारलं, "तसल्या आहेत काय?"

"मला बघू तर द्या हो."

मी बाहेर जाऊन नळाशी धुतलेल्याच काचा परत धुतल्या.

हाक आली. "या, बघा."

मला वाटलेलं, आपल्या बायकांत नेहमी दिसतं तसं असेल. लोह कमी झालं की पेशी बारीक, मध्ये फिकट पोकळ, नुसती कड उरलेली. तसं नव्हतं. या पेशी उलट मोठ्या, अंड्यासारख्या लांबट, आणि मध्ये फिकटपणाच नाही. थोड्या, पण फुगलेल्या.

"ही पांढरी पेशी बघा," म्याडम म्हणाल्या. "हिच्या केंद्राच्या पाकळ्या मोजा. एरवी तीन-चार असतात."

मी मोजल्या. सहा.

"कच्ची वाईट पेशी मला एकही दिसली नाही. हे चित्र बी-बारा किंवा फॉलिक ॲसिड कमी असल्याचं आहे. नुसत्या काचेवरून त्यातलं कोणतं ते सांगता येत नाही, दोन्ही सारखीच दिसतात. पण पाय बधीर आहेत ना? माझा कल बी-बाराकडे. आधी तपासणीला रक्त काढून ठेवू, मग इंजेक्शन. काय खातात त्या?"

आक्का दारातूनच म्हणाली, "सगळं खाते."

"काय सगळं?" मी म्हणाले. "मासळी नाय, अंडं नाय, दूध नाय. कोरा चहा आणि पेज. म्याडम, नवस आहे तिचा."

म्याडम हसल्या नाहीत. "हे जीवनसत्त्व तुम्ही सोडलेल्या त्याच पदार्थांत असतं, काकू. बिटात नसतं."

आक्का दारातून आत आली. "मग आता मासळी खावी लागणार?"

"नाही. इंजेक्शन आहे."

"ते माशांचं करतात?"

"नाही हो, जंतूंपासून करतात."

आक्काने विचार केला. "जंतू चालतील. जंतूंचा नवस नव्हता."

त्यावर म्याडम हसल्या, आणि मला मात्र रडायला यायला लागलं. मी पाठ फिरवून काचा पुसत बसले.

म्याडमनी गावच्या डॉक्टरांना फोन केला. मागाहून रिपोर्ट आला तो बी-बाराचाच. इंजेक्शनं सुरू झाली, पण माझी धाकधूक गेली नाही. म्याडमनी स्पष्ट सांगितलं होतं की रक्त लवकर सुधारेल, पायांचं मात्र सांगता येत नाही, नस किती दुखावलीय त्यावर आहे. आठवड्याने दुसरी काच केली. या वेळी पट्टा पहिल्याच ढकलीत नीट आला. दुर्बिणीत मोठ्या, निळसर झाक असलेल्या तांबड्या पेशी जागोजागी होत्या. नव्या, आत्ताच हाडाच्या मगजातून सुटलेल्या. मगज कामाला लागला, म्याडम म्हणाल्या.

पाय मात्र तसेच. दर फोनवर मी विचारायची, आणि ती म्हणायची, "कापूसच आहे गो." गणपती गेले, भात कापून झालं, तरी कापूसच. मी विचारायचं सोडून दिलं. विचारलं की माझाच जीव खाली-वर व्हायचा.

मग एकदा ती आपणहून लॅबमध्ये आली. दोन्ही पायांत चप्पल, नव्या पट्ट्यांची. बाकावर बसली आणि वाकून एक चप्पल काढून झटकायला लागली.

"काय झालं?"

"खडा गेलाय मेला," ती कुरकुरली. "स्टँडवरून सारखा टोचतोय."

तिने खडा काढून बाहेर फेकला. मी तिचा पाय मांडीवर घेतला, टाच दाबून बघितली.

"सोड गो," ती म्हणाली. "गुदगुल्या होतात."