साठ कपांचं कोटेशन

आमच्या घरात सगळ्यात जास्त भीती एका वाक्याची होती. "उद्यापासून येऊ नका." आई कंत्राटदाराकडे कामाला होती. सकाळी खालापूरच्या फाट्यावर त्याची जीप यायची, आणि तो जीपमधून न उतरता बोट दाखवून बाया निवडायचा. ज्या दिवशी बोट आईकडे आलं नाही त्या दिवशी ती नऊ वाजता घरी परत यायची आणि काही न बोलता चूल सारवायला घ्यायची. सारवलेली चूल दिसली की मी समजून जायचे. बाप मी चौथीत असताना गेला. त्यानंतर दोन पावसाळे आम्ही मीठ-भात आणि रानातली भाजी यावर काढले. हे मी कौतुक व्हावं म्हणून सांगत नाही. पुढे एका साध्या ईमेलने माझे हातपाय का गार पडले, ते कळावं म्हणून सांगते.

नंतर आईला खालापूरच्याच एका तेल भरायच्या कारखान्यात रोजचं काम लागलं. कंत्राटी, पण रोजचं. त्या जोरावर मी कर्जतला कॉलेज केलं, बी.एस्सी. झाले. आमच्या पाड्यावरची पहिली. आणि त्याच कारखान्यात मेन्टेनन्स आणि खरेदी विभागात सहायक म्हणून लागले, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आई शेडमध्ये लाइनवर, मी काचेच्या केबिनमध्ये. मला त्याचा गर्व होता. आहे.

आईची लाइन म्हणजे केसांच्या तेलाच्या छोट्या बाटल्यांची. बाटलीचं बूड गोल, ती पट्ट्यावर उभी राहत नाही. म्हणून प्रत्येक बाटली प्लास्टिकच्या एका जाड कपात बसवतात. तो कप पट्ट्यावरून सरकत जातो, एका खाचेच्या चाकात अडकतो, वरून नळी बाटलीत उतरते, तेल भरतं, कप पुढे जातो. बाया त्याला कपच म्हणायच्या. मशीन कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं घेतलेलं. ना ड्रॉइंग, ना बनवणारी कंपनी. आणि आता कप डुगडुगायला लागले होते. बाटली तिरपी व्हायची, नळी तिच्या तोंडावर आपटायची, पट्टाभर तेल.

साहेबांनी मला बोलावलं. आमचे मॅनेजर कमी बोलायचे. "साचा करायला दोन महिने लागतील. कर्जतला एक वर्कशॉप आहे, थ्री-डी प्रिंटिंगचं. साठ कपांचं कोटेशन मागवा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला लाइन नीट चालली नाही तर बाटल्या भरण्याचं हे काम दुसऱ्या युनिटला जाणार, वरून सांगितलंय."

काम गेलं तर त्या लाइनवरच्या बावीस बाया गेल्या. त्यात आई. हे त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

मी पट्ट्यावरचा एक कप उचलला, पुसला, व्हर्नियरने मोजला. तीनदा. मग इंग्रजीत मेल लिहिला. अजून तोंडपाठ आहे. मराठीत असा: "आम्हाला बाटली धरायचे प्लास्टिकचे कप, नग साठ, हवे आहेत. बाहेरचा व्यास ६०.८ मिलिमीटर, उंची ३८.६, आतलं भोक ३६.४, भोकाची खोली ३३. मापात फरक ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालेल. तेलाशी संबंध येतो, रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुतले जातात. योग्य मटेरियल सुचवावे. प्रति नग दर, जीएसटी वेगळा दाखवून, आणि माल मिळण्यास लागणारे दिवस कळवावेत." सोबत हाताने काढलेल्या आकृतीचा फोटो. साहेबांना सीसी. पाठवला आणि डब्यातली भाकरी अशी खाल्ली की जणू परीक्षेचा पेपर सोपा गेलाय.

दुपारी चारला वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. आवाज मोकळा, मागे मशीनची घरघर.

"ताई, मेल झकास. असा मेल मला मोठ्या कंपन्यांकडून येत नाही. पण ०.०५? प्लास्टिक आहे हो, सोनं नाही. ०.२ धरा, तेवढं मी देतो. मटेरियल पीईटीजी घेऊ, तेलाला आणि कोमट पाण्याला टिकतं. पीएलए स्वस्त पडेल, पण गरम पाण्यात मऊ होईल. बाहेरची भिंत जाड ठेवतो, आत पूर्ण भरायची गरज नाही."

मी लिहून घेत होते. हात चालत होता.

"आणि एक सांगा. तुम्ही मोजला तो कप नवा होता की वापरलेला?"

माझं पेन थांबलं.

"म्हणजे बघा," ते म्हणाले, "ही मापं अशी अर्धीमुर्धी, ६०.८, ३६.४. बनवणारा असं माप धरत नाही. झिजलेल्या कपावरून मी साठ कप काढले तर तुम्हाला साठ झिजलेले कप मिळतील. नवेकोरे. आतलं भोक बाटलीवरून काढता येईल, पण बाहेरचा व्यास आणि उंची नुसत्या अंदाजाने नाही सांगता येणार."

मी "कळवते" म्हणाले आणि फोन ठेवला. बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि झिजलेली वस्तू मोजून दोन दशांशांपर्यंत फरक मागत होती. केबिनच्या काचेतून मला आईची पाठ दिसत होती. ती डुगडुगणारा प्रत्येक कप अंगठ्याने दाबून पुढे ढकलत होती. मेल साहेबांकडे गेलेला होता. मी त्यांना काही सांगितलं नाही. सगळे कप तपासले, एकूण एक झिजलेला. स्टोअरमध्ये नवा एकही नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट. ती भाकरी थापत होती. तिने हात पुसले, उठली, आणि फळीवरून माझ्या पेनांचं भांडं काढून माझ्यापुढे ठेवलं.

पांढरा जाड कप. काठाला तडा. शाळेपासून माझी पेनं त्यातच असायची आणि मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"मशीन हितं आलं तवाचा हाय," आई म्हणाली. "पिशवीभर कप आले व्हते. ह्याला तडा, म्हनून बाजूला टाकला. मी पदरात घालून आणला."

"विचारून?"

"कोनाला इचारू गं? कंत्राटदाराला?"

मी तो खाली ठेवला आणि वर बोट दाबलं. जरासुद्धा हलला नाही. मला रडू येईल की काय असं वाटलं, आणि लगेच दुसरी भीती आली. आमच्याकडे सुटताना गेटवर पिशव्या तपासतात. साबणाची वडी सापडली म्हणून एका बाईला काढलं होतं, माझ्यासमोर.

"भंगारात सापडला सांग," आई म्हणाली. "आत नेताना कोन बघत नाय. भाईर नेताना बघतात."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"तुला काय व्हनार नाय. तू नाव घेऊ नको माझं."

ती हे म्हणाली तेव्हा तिचा आवाज शांत होता, पण भाकरी तव्यावर करपली. आईची भाकरी करपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

सकाळी केबिनमध्ये मी तो मोजला. बाहेरचा व्यास ६२. उंची ४०. भोक ३५.५. गोल, स्वच्छ आकडे. बाटलीचा व्यास ३५, म्हणजे अर्धा मिलिमीटर सैल, अगदी हवा तसा. दुसरा मेल लिहिला: "कालची मापं झिजलेल्या नमुन्याची होती, ती रद्द समजावीत. न वापरलेला नमुना मिळाला आहे. सुधारित मापं खालीलप्रमाणे." आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसले. सीसी काढून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पण साठ कप येणार कागदावरच्या मापाने, आणि जुनं माप साहेबांकडे राहिलं तर माल आल्यावर भांडण. सीसी ठेवली. पाठवला.

दहा मिनिटांत साहेब आले. टेबलावरचा कप त्यांनी उचलला. "हा कुठे मिळाला?"

भंगार, एवढा एकच शब्द बोलायचा होता. तो आलाच नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कप घेऊन सरळ शेडमध्ये गेले. मी मागे. लाइन बंद केली. बावीस बायांसमोर कप वर धरला.

"हा कप कोणाकडे होता?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी उभी राहिली. "माझ्याकडं साहेब. तडा गेलेला, टाकलेला व्हता. मी नेला. पोरीची पेनं ठेवायला. तिला ठावं नव्हतं."

"आणखी काय काय नेलंय?"

"तुमचं तेल अजून डोक्याला लावलं नाय," आई म्हणाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच दाबलं.

मी पुढे झाले. "साहेब, पहिलं माप माझं चुकलं. मला काल दुपारीच कळलं होतं. हा कप नसता तर मला दुरुस्त करता आलं नसतं."

त्यांनी पट्ट्यावर एक झिजलेला कप ठेवला, शेजारी आईचा. दोन्हींवर आळीपाळीने बोट दाबलं. पुष्कळ वेळ. मला त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकू येतंय असा भास होत होता.

"काल दुपारी कळलं," ते मला म्हणाले, "तर काल दुपारी सांगायचं. वर्कशॉपवाल्याने कालच काम सुरू केलं असतं तर?" मग आईकडे वळून, "गेटवर नोंद करून घ्या. कंपनीचा नमुना परत आला म्हणून. तडा गेलेला लिहा." आणि निघून गेले. आई खाली बसली.

कोटेशन त्याच संध्याकाळी आलं: प्रति नग दर, कर वेगळा, आणि खाली एक ओळ, "आधी एक नमुना मोफत, लाइनवर चालवून बघा, मगच ऑर्डर." एक कप छापायला चार तास. चार मशीन, साठ कप, सुट्टी न घेता तीन दिवस.

नमुना मी स्वतः कर्जतहून आणला. पहिला कप खाचेच्या चाकात किंचित घासत होता. छापताना तळाला पहिल्या थराची बारीक कड आली होती. वर्कशॉपवाल्यांनी ती कड कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्येच तिरपी कापली आणि दुसरा दिला. तो आईने पट्ट्यावर ठेवला. अंगठ्याने दाबायची सवय, म्हणून अंगठा वर धरला, आणि मग हळूच मागे घेतला. कप एकटा गेला. नळी उतरली, तेल भरलं, एक थेंब सांडला नाही.

साठ कप एक तारखेच्या दोन दिवस आधी आले. लाइन खालापुरातच राहिली. बावीसपैकी एकाही बाईला घरी पाठवलं नाही. सहा महिने झाल्यावर मला कायम केलं. कारखान्यात आता प्रत्येक सुट्या भागाचा एक न वापरलेला नमुना मापासकट कपाटात ठेवतात. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.