पैऱ्याला जागा मिळेपर्यंत

आमच्या कवितामंडळाची वार्षिक पुस्तिका निघते. दोन वर्षं माझी कविता तिच्यात आली नव्हती. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, या खेपेला काहीतरी वेगळं द्यायचं. माझं माहेर कसबा पेठेतलं, सासर खराडीचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, जुन्या शेतकरी घरातल्या. घरात शब्दांची खाण असताना मी कोरडी का राहू? मी चार शब्द उचलले आणि कवितेत पेरले: कासरा, औंदा, कडूसं, पैरा.

शनिवारी कसब्यातल्या वाचनालयाच्या खोलीत कविता वाचली. पुस्तिका काढणारे निवृत्त मुद्रितशोधक चष्मा पुसत म्हणाले, "बाई, कवितेला नऊवारी छान नेसवलीत. चालता मात्र येत नाहीये तिला."

सगळे हसले. मीही हसले, पण चहा घेतला नाही.

"ही ओळ पाहू," ते म्हणाले. "'वाऱ्याने केला झाडांशी पैरा.' पैरा काढा, सलोखा घाला. कुणाला काही हरवल्यासारखं वाटतं?"

कुणालाच वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

"मग तो दागिना झाला. पुढच्या शनिवारी आणा. अंक त्यानंतर छापायला जातो."

घरी येऊन ती ओळ मी आत्याबाईंना ऐकवली. त्या शेंगा फोडत होत्या.

"वाऱ्याचं काय काम झाडानं केलं?"

"म्हणजे?"

"आगं, पैरा म्हंजी आपण दोन दिस तिच्या रानात खुरपायला जायाचं, मग तिनं दोन दिस आपल्यात यायाचं. मानसाला मानूस, दिसाला दिस. वारा नुसता हुंदडतोय. त्याचा कसला पैरा?"

शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. त्याचा हिशोब ठाऊक नव्हता. पैऱ्यात दोघं लागतात, काम आधी झालेलं लागतं आणि परत करणं बाकी लागतं. माझ्या ओळीत यातलं एकही नव्हतं. वाऱ्याला मी फुकट कामाला लावलं होतं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी आल्या होत्या. पूर्वी या दोघींची रानं बांधाला बांध लागून होती, आता त्याच जमिनीवरच्या इमारतीत दाराला दार आहे. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दिवसातून चार वेळा त्या थेंब घालून घ्यायला यायच्या, कारण सुनेचा हात जड आहे अशी त्यांची तक्रार होती.

आत्याबाईंनी हात धुतले, आजींची मान मागे केली आणि एक थेंब सोडला. दुसऱ्या बाटलीतला पाच मिनिटांनी. तोवर दोघी साऱ्या मजल्याची निंदा करून मोकळ्या झाल्या.

"पुढच्या महिन्यात माझा डोळा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ध्यानात ठिव. पैरा फेडायचाय तुला."

"फेडते की! पळून कुठं जाती?"

मी पेन शोधायला उठले.

आधीचे तीन शब्द काढून टाकले. वारा आणि झाडंही गेली. त्यांच्या जागी बोलणारी म्हातारी आणली, कारण हा शब्द तिच्या तोंडचा होता, माझ्या नव्हे. अभंगासारखी आठ-आठ अक्षरं धरली. 'पैरा' शेवटच्या ओळीत ठेवला, म्हणजे तिथपर्यंत पोचणाऱ्याने देणंघेणं डोळ्यांनी पाहिलेलं असेल. आणि क्रियापद आत्याबाईंचंच घेतलं: फेडणे.

आधी खुरपलं तुझं
मग खुरपलं माझं
आता तुझ्या डोळ्यामध्ये
थेंब सोडते मी, थांब
उद्या बस माझ्यापाशी
पैरा फेडायचा तुला

आता मीच खोडून पाहिलं. 'मदत करायची तू'. अक्षरं तीच आठ, पण म्हातारी एकदम केविलवाणी झाली. पैरा परत घातला, तशी ती हक्कानं बसली.

शनिवारी मुद्रितशोधकांनी कागद दोनदा वाचला. "बरी आहे," ते म्हणाले. पुण्यात हे पुष्कळ झालं. "पण पैऱ्यावर फुली टाकून खाली अर्थ देऊ. आयटीतली मंडळीही वाचतात."

"फुली नको. अर्थ वर आलाय."

"नाही कळला तर?"

"तर कविता घेऊ नका."

तोंडातून निघून गेलं खरं, पण आता तिसरं वर्षही हातचं जाणार असं वाटलं. त्यांनी कागद शेजारी बसलेल्या, मंडळातल्याच एका मुलीकडे सरकवला. ती खराडीतच एका कंपनीत नोकरी करते आणि तिला खुरपं म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं.

"पैरा म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

"हिने तिचं केलं, आता तिने हिचं करायचं. टर्न," ती म्हणाली. "आणि चुकवायचा नाही."

मुद्रितशोधकांनी कागद छापायच्या गठ्ठ्यात ठेवला. फुली टाकली नाही.

पुस्तिका आली तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी कविता वाचून दाखवली.

"एवढंच? हे तर आम्ही बोलतोच," त्या म्हणाल्या. "जा, तिला हाक मार. थेंबाची येळ झाली."