पनवेल, मलिदा आणि झ चं गाणं

साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. मैत्रीण फ्लोराचं पत्र आलं, "एस्तेरमावशी कायमची इस्रायलला चाललीय, मलिद्याला ये." मी लगेच निघाले. मलिदा खाल्ला नसेल तर सांगते, कोकणातल्या ज्यू घरांत शुभकार्याला किंवा दूरच्या प्रवासाआधी तो करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. पनवेलला जायला माझ्यासारखीला तेवढं कारण पुरेसं होतं.

आज द्रुतगती मार्गाने भुर्रकन जाणाऱ्यांनो, आमच्या एस.टी.ला पुण्याहून अख्खी सकाळ लागायची. घाटात गाडी तापली की खोपोलीला पाणी, आपल्याला चहा. जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा आणि खिडकी डावीकडची धरा. पनवेल म्हणजे तेव्हा कौलारू घरं, तळं आणि भातशेती. फ्लोराकडे पोचले तेव्हा केस धुळीने पांढरे झालेले.

दुपारी मलिदा झाला आणि ओटीवर अंताक्षरी सुरू झाली. गाणी मराठी, पाळीपाळीने. बाजूच्या आगरी शेजाऱ्यांचे गोमादादाही आले होते. तरुणपणी ते तंबूतल्या सिनेमाचं यंत्र चालवत, आता मिठागर बघत.

कुणाचं तरी गाणं 'माझे'वर संपलं. आमच्यावर झ आला आणि मावशी उठून आत निघाली.

"मावशीला झ चालत नाही," फ्लोरा कुजबुजली.

मावशीने ऐकलंच. परत फिरून म्हणाली, "सांगते की. आता जातेच आहे, लपवू कशाला?" पेटीतून तिने जुनं पत्र आणलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, काका मुंबईला नोकरीला होते. दोघं पत्रातून अंताक्षरी खेळत. त्यांनी लिहिलं होतं, 'काल आपला बोलपट इथे पुन्हा पाहिला, लग्नानंतर तंबूत पहिला पाहिलेला. त्यातलं आपलं गाणं ओळख. पहिलं अक्षर झ, गाणारी नटी स्वतः. मी आलो की उत्तर सांग.' आठवड्याने तापात काका गेले.

"त्या बोलपटात झ चं गाणंच नाही," मावशी म्हणाली. "मला पाठ आहे तो. दुसऱ्याच कुणाबरोबर दुसराच सिनेमा पाहिला असणार. वीस वर्षं मी त्यांच्या कबरीवर गेले नाही. जातानाही जाणार नाही."

मला राहवेना. मी झ ची बाराखडी धरली: झ, झा, झि, झु... प्रत्येकावरून आठवेल ते गाणं म्हणायचं. पहिलं भावगीत निघालं, बाद. दुसऱ्यात नटीला पडद्यामागून भलतीच गायिका आवाज देत होती, म्हणजे ते नंतरच्या काळातलं. तिसरं पौराणिक. त्या बोलपटात तर देव नव्हतेच.

"त्यातली गाणी तरी म्हणा," मी म्हटलं.

मावशीने तीन म्हटली. चौथं होडीतलं, 'डुलत निघाली अपुली होडी.' मी दचकलेच.

"मावशी, ही दुसरी ओळ आहे! आमच्याकडे तबकडी आहे. आधी नटी बिनतालाची एक ओळ म्हणते, मग ठेका सुरू होतो." मी म्हणून दाखवली, "झाकळ सरली, उजळे खाडी."

"पनवेलात सगळे डुलतवरूनच म्हणतात," फ्लोरा म्हणाली.

गोमादादांनी टोपी काढली. "ते गानं दुसऱ्या रिळाच्या तोंडालाच हाय. तंबूत एकच मशीन, रीळ बदलताना पट्टी तुटायची. तुटली का मी कापून चिकटवायचो. पहिली ओळ मीच कापली, बाय. आमी पनवेलकरांनी ती ऐकलीच नाय."

काकांनी मुंबईत अख्खा बोलपट पाहिला होता. नवी सापडलेली ओळ बायकोला ओळखायला लावायची, एवढाच त्यांचा खेळ.

मावशीने पत्र उलगडून पुन्हा वाचलं. "माझंच चुकलं गं," एवढंच म्हणाली आणि रडली. मलाही रडू आवरेना. गोमादादा मात्र पुन्हापुन्हा माफी मागत बसले.

सकाळी तिने आम्हा दोघींना कबरस्तानात नेलं. रान माजलेलं, काकांचा दगड शोधायलाच वेळ लागला. ती उभी राहून गाऊ लागली, सवयीने 'डुलत'वरून. मध्येच थांबली. "चुकलं हो," त्यांना म्हणाली आणि झ वरून पुन्हा सुरू केलं.

दुपारच्या गाडीने मी पुण्याला परतले. घरी तबकडी लावून ती ओळ इतकी वेळा ऐकली की आई सुईवरून ओरडली. पनवेल पुढे ओळखू न येण्याइतकं बदललं, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्याजवळ एक सवय राहिली. अंताक्षरीत झ आला की मी हरते. गाणं येतं, पण ते मावशीचं उत्तर आहे, मी देत नाही.