आत्याच्या गाण्यात घुसवलेला देव

अन्याय माझ्या आत्यावर झाला. दोन हजार पाच साली, नवरात्राच्या पाचव्या माळेला, संध्याकाळी, कोल्हापुरातल्या एका सभागृहात, टाळ्यांच्या गजरात झाला. आमच्या भागातल्या गायन मंडळानं सभासदांच्या भावगीतांची निळ्या कव्हरची पुस्तिका काढली. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. त्यात आत्याचं एक कडवं होतं:

भोंगा निजला, धूर निवाला, ऊस कधीचा सरला
तव सदऱ्याचा गंध मळीचा कवेत माझ्या उरला
दार न लावी, दिवा न विझवी तुझ्या पावलांसाठी
नाव न घेई, ये म्हणवेना, हाक अडकते ओठी

हे तिनं काकांसाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी लिहिलेलं. काका शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात पॅनवर होते, रस उकळून साखर धरायच्या कामावर. साखर काढून उरतो तो काळा पाक म्हणजे मळी, तिचा वास त्यांच्या कपड्यांत बसलेला असे. आत्याची शाळेची नोकरी कोल्हापुरात, म्हणून काका तिकडं कामगार वसाहतीत आणि ही इकडं. हंगाम संपला की सगळ्यांचे नवरे घरी येत. काकांना मात्र मशिनरीच्या दुरुस्तीसाठी मागं ठेवून घेत. ऊस सरला, भोंगा थांबला, तरी माणूस नाही. कडवं त्या दिवसांचं. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

उजव्या पानावरचं इंग्रजी मंडळाच्या अध्यक्षांनी केलं होतं. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या भाषांतरात भोंग्याच्या जागी देवळातली घंटा होती. मळीच्या जागी चंदन. काकांच्या जागी लॉर्ड, मोठ्या अक्षरातला एल घालून. आणि शेवटची ओळ मराठीत करून सांगायची तर अशी: हे प्रभो, मी तुझं नाव घेऊन तुला हाका मारते.

जिनं नाव घेतलं नाही, ये म्हटलं नाही, तिच्या तोंडून त्यांनी दोन्ही वदवून घेतलं.

 आत्यानं पुस्तिका अमेरिकेतल्या लेकीला पाठवली. नातीला मराठी वाचता येत नाही, ती उजवं पान वाचणार. पंधरवड्यानं नातीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. नात म्हणाली, आजी, तू देवावर किती छान लिहिलंस. आत्या "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"त्या पोरीनं आजोबा बघितला न्हाई," ती म्हणाली. "एका कडव्यात बघितला असता. तिथं पण देव बसवला. तू ते इंग्रजी नीट करून दे."

मी तोवर फक्त पत्रकं लिहिलेली. नदीत सुटणारं घाण पाणी, बंद पडलेले नळ. पत्रकात एका शब्दाचं एकच काम असतं, समोरच्याला उठवायचं. त्या सवयीनं मी मळीच्या वासाला 'स्टिंक' लिहिलं. आत्याला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं.

"स्टिंक म्हंजे घाण की गं?"

"मळीचा वास घाणच असतो, आत्या."

"असू दे की. मला घाण वाटली असती तर सदरा धुवायला टाकला नसता का?"

मग मी 'फ्रेग्रन्स' केलं. ती हसली. "आता अत्तर लावून आला बघ पॅनवरनं." शेवटी 'स्मेल' ठेवलं. चांगला नाही, वाईट नाही, नुसता वास. प्रेम वासात नाही, तो उरलाय यात आहे. तो कवेत धरलाय हे सांगितलं की वाचणाऱ्याला पुढचं कळतं.

यमक जुळवायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. पण सरला-उरलाच्या जागी इंग्रजी यमक आणायचं तर ऊस किंवा सदरा यातलं एक काढावं लागत होतं. मी यमक सोडलं. त्याऐवजी मराठीत ओळ जिथं दम घेते तिथं इंग्रजीतही दम घेऊ दिला. आत्या पेटी काढून गुणगुणायची, मी स्वल्पविराम लावायची.

सगळ्यात अडलं शेवटच्या ओळीवर. आत्यानं जन्मभर काकांना 'अहो' म्हटलं, नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. 'तू' म्हणाली ती फक्त या गाण्यात, तेही मनातल्या मनात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. 'अहो'वरून 'तू'वर येण्यातली धिटाई तिथं पोचतच नाही. मी खाली टीप लिहिली, की आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

आत्यानं ती खोडायला लावली. "नातीला मी बिचारी वाटेन. मी बिचारी नव्हते, वाट बघत होते."

मग मी न घेतलेलं नाव आणि न म्हटलेलं 'ये' एकाच ओळीत शेजारी ठेवलं, एक आपणहून टाळलेलं, दुसरं जमत नसलेलं. गेली ती धिटाई गेली. पण अडकलेली हाक राहिली.

The siren sleeps, the smoke has cooled, the last of the cane is long gone;
the molasses smell of your shirt is what my arms still hold.
For your footsteps I leave the door unlatched, the lamp alight.
I will not say your name, I cannot say come. The call stays caught on my lips.

हे घेऊन मी अध्यक्षांकडं गेले. त्यांनी चहा पाजला.

"तुम्ही त्या पत्रकं वाटणाऱ्या बाई न्हवं?"

"व्हय. हे आत्याचं भाषांतर. पुस्तिकेत चिठ्ठी चिकटवा."

त्यांनी वाचलं. वाईट नाही म्हणाले. मग चष्मा काढला. "बाईंचं वय बगा. नातवंडं हाईत. बाहेरच्या लोकांनी वाचून काय म्हणायचं, ही म्हातारी नवऱ्याच्या घामाच्या सदऱ्यावर गाणी लिहिती? मी त्यांची अब्रूच राखली की."

"अब्रू राखा असं त्या म्हणाल्या होत्या?"

"हे विचारायचं असतंय व्हय?"

हाच माझा सगळा मुद्दा आहे. विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईनं देवाची आस धरलेली चालते, नवऱ्याची नाही, हे यांनी परस्पर ठरवलं आणि इंग्रजीच्या आडून छापलं. मराठीत एक अक्षर बदलायची त्यांची छाती झाली नसती, कारण मराठी सगळ्यांना वाचता येतं.

नातीला आम्ही नवं भाषांतर पत्रानं पाठवलं. तिचा फोन आला. तिनं एकच विचारलं, नाव का नाही घेतलं? आत्या त्यावर पाऊण तास बोलली. काका कसे चालायचे, सदरा कुठं अडकवायचे, सगळं. नातीनं मग आजोबांचं नाव विचारलं. आत्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. नाव मी सांगितलं.

तेवढं झालं. पण निळी पुस्तिका शाळांच्या ग्रंथालयांत गेली, पाहुण्यांना वाटली गेली, परदेशी गेली. आता दुसरी आवृत्ती निघते आहे, आणि उजवं पान आहे तसंच राहणार, असं अध्यक्षांनी मला तोंडावर सांगितलं. पुस्तिकेवर आत्याचं नाव आहे. म्हणजे ते शब्द तिचेच ठरणार.

तुमच्या घरात, तुमच्या शाळेत ती निळी पुस्तिका असेल तर पेन घ्या. आत्याच्या कडव्यासमोरचं उजवं पान उघडा. चंदन खोडा, घंटा खोडा, तो मोठ्या एलचा लॉर्ड खोडा, आणि वरच्या चार इंग्रजी ओळी तिथं तुमच्या अक्षरात लिहा. आज लिहा, आत्या आहे तोवर.