डोरिसचा गुडघा

लोरेटा व्हेला दिवसभर नाकातल्या नाकात चर्चमधली एखादी चाल घोळवत असायची. काही चुकलेलं सापडलं की ती चाल थांबायची. शिवणयंत्रांच्या त्या घरघरीतही तिचं गप्प होणं आम्हांला ऐकू यायचं.

आमची शेड सनशाइन नावाच्या उपनगरात, रुळांच्या पलीकडे. तिथे मेंढीच्या कातड्याचे, आतून लोकरीचे, घरात घालायचे जोडे शिवले जातात. मालक सिरिल मिफसुद, लोरेटासारखाच माल्टाहून आलेल्या आईबापांचा. माल विकला जातो ऑनलाइन, एका पोर्टलवर. जोडे आधीच पोर्टलच्या गोदामात पाठवून ठेवायचे, गिऱ्हाइकाला तेच पोचवतात, आणि दर पंधरवड्याला आपलं कमिशन, पोचवणावळ, परतावे कापून उरलेलं सिरिलच्या खात्यात टाकतात. ते उरलेलं बरोबर आहे का हे पाहायला लोरेटा होती. त्याआधी तिने मोटारींच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, पगारपत्रकं केली होती.

तिची एक पद्धत होती. प्रत्येक ऑर्डरची एक ओळ. त्या ओळीत ती आधी स्वतः लिहायची, किती यायला हवेत. पोर्टलचा हिशेब त्यानंतर उघडायचा.

"त्यांचा आकडा आधी पाहिला ना, की आपलं मन त्याच्याच बाजूने बोलायला लागतं," ती मला म्हणाली होती. मी लेबलं चिकटवायची. तिचं टेबल माझ्या मागेच होतं.

गिऱ्हाइकाला पैसे परत मिळाले, पण जोडा गोदामात आलाच नाही, अशा ऑर्डरी ती वेगळ्या काढून ठेवी. जोडा परत यायची मुदत टळली की भरपाई मागायची, एक दिवसही आधी नाही. "घाई केली की खऱ्या मागणीचीही पत जाते."

एप्रिलमध्ये तिची चाल थांबली ती दोन दिवस सुरू झालीच नाही. खात्यात येणारे पैसे फेब्रुवारीपासून कमी कमी होत गेले होते. कमिशन बरोबर होतं, परतावे जुळत होते. जास्तीचे पैसे कापले जात होते पोचवणावळीत, आणि ती ठरते बंद पिशवीच्या मापावर. प्रत्येक जोडीमागे वरच्या मापाचा दर लागत होता. सगळ्या जोड्यांना एकदम नाही, आधी सहा नंबर, मग आठ, मग पाच.

सिरिलने आकडा पाहिला आणि टेबलावर हात आपटला. "चोर! पिशवी तीच, जोडा तोच, आणि हे मोठा म्हणतात? टाक मागणी. सगळी."

"आधी कारण शोधू दे."

"कारण काय शोधायचंय? टॅनरीवाला जुनी बाकी मिटवल्याशिवाय कातडी सोडत नाहीये. कातडी नाहीत तर जूनमध्ये ही यंत्रं काय शिवणार, तुझी ती लांबलचक कोष्टकं?"

हे खरंच होतं. आमच्याकडे थंडी जूनमध्ये, आणि आमचा सगळा धंदा थंडीचा. थंडीत कातडी नसली तर शेडला कुलूप. लोरेटाने जुनी मापं लिहिली, फरकाची बेरीज जोडली, फेरमोजणी मागितली आणि मागणी पाठवली. सिरिलने त्याच दुपारी टॅनरीला फोन केला. "पैसे येतायत, लेखी देतो," हे त्याचं बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

नंतर लोरेटा परत त्याच ओळींकडे वळली. तिला तो क्रम टोचत होता. सहा, आठ, पाच. तिने गोदामात पाठवलेल्या मालाच्या तारखा शेजारी मांडल्या. ज्या नंबरचा नवा माल जसा पोचला, तसा त्याचा दर चढला होता. म्हणजे तिथे नवा माल आला की कुणीतरी एक पिशवी उचलून मोजत होतं.

ती उठली आणि टेप घेऊन बांधणीच्या टेबलाकडे गेली. तिथे तेविता होता, टोंगा बेटांवरचा, दारात उभा राहिला की दार भरून जाई असा माणूस, आणि हात मात्र बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे.

"तेविता, पिशवी बंद करताना हवा कशी काढतोस?"

"हाताने. हळूच. लोकर चुरगळायला नको ना."

"गुडघा नाही लावत?"

"माझा गुडघा?" तो हसला. "मग जोडा कशाला विकायचा, पाकीटच विका."

लोरेटा हसली नाही. तेवितापूर्वी ते काम डोरिस झाहरा करायची. डोरिस प्रत्येक पिशवीवर गुडघा रोवायची, सगळं अंग टाकायची आणि तसंच तोंड चिकटवायची. शेडमध्ये त्याला नावच होतं, 'डोरिसची पप्पी'. पोर्टलला दिलेलं माप त्या पिशव्यांचं होतं. जानेवारीत डोरिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती घरी बसली. कुणी काही ठरवलं नव्हतं. फक्त एक गुडघा गेला होता.

लोरेटाने तेविताची एक बंद पिशवी टेबलावर ठेवली आणि मोजली. जेवून आल्यावर परत मोजली. आत लोकर श्वास घेत असल्यासारखी पिशवी वर आली होती. वरच्या मापात.

"मागणी मागे घे, सिरिल," ती म्हणाली. "त्यांनी कमी दिलेलं नाही. आपणच मोठं पाठवतोय."

"आणि टॅनरीला काय सांगू? डोरिसचा गुडघा?"

"खरं सांग."

"त्यांना कुठे माहीत आहे आतलं? मोजू देत."

"मोजलं आणि खोटं निघालं तर खातं तपासणीला जाईल. मग पंधरवड्याचे पैसे पण अडकतील."

"तू पाद्री हो," सिरिल म्हणाला आणि फोन घेऊन बाहेर गेला.

मोजणीचा निकाल आला तेव्हा तो ओरडतच आत आला. माप जुनंच निघालं होतं! मागणी मंजूर. त्याने सगळ्यांसाठी माल्टाचे चीज भरलेले गरम पफ, पास्तित्सी, मागवले, तेविताच्या पाठीवर थाप मारली, लोरेटाच्या डोक्याचा मुका घेतला. कुठल्यातरी फळीवर मागे पडलेली डोरिसच्या वेळची एखादी पिशवी नेमकी हाताला लागली असणार, हे तिला आणि मला कळलं होतं. बाकी फळ्यांवर तेविताच्या पिशव्या होत्या आणि त्या फुगत होत्या.

"हे पैसे बाजूला ठेव," ती म्हणाली. "हे परत जाणारे आहेत."

"जाऊन ये, लोरेटा, जरा उन्हात जाऊन ये."

पैसे टॅनरीला गेले. कातडी आली, मऊ, जड, वासाची. यंत्रं सुरू झाली. लोरेटाने तेविताला गुडघा लावायला शिकवलं, पण तो बिचकतच लावायचा, आणि गोदामातला माल तर तिच्या हाताबाहेर होता. आपल्या कोष्टकात तिने परत जाणाऱ्या पैशांची एक नवी ओळ घातली आणि आकड्याची जागा कोरी ठेवली. दर पंधरवड्याला ती आधी त्या ओळीपुढे थांबायची, मग हिशेब उघडायची.

जूनच्या सुरुवातीला डोरिस काठी टेकत भेटायला आली. "कुठाय तो माझी जागा घेतलेला?" म्हणत तिने तेविताला ढकललं आणि सवयीने एका पिशवीवर तळवे दाबले. "अगं, हे काय, गादी भरताय की काय?"

सगळे हसले. त्या हसण्यातच लोरेटाची चाल थांबली. मी मागे वळले. पडद्यावर हिशेब होता. खात्यात जमा होणारी रक्कम शून्य, आणि तिच्या वर एकच वाक्य: पूर्वी दिलेल्या भरपाईची फेरतपासणी चालू आहे, तोवर देणी थांबवली आहेत.

तिने आपल्या त्या कोऱ्या ओळीत भरपाईचा आकडा भरला. आधीच पाठ असल्यासारखा. मग चष्मा काढून ठेवला आणि सिरिलला हाक न मारता त्याच्या दारापर्यंत चालत गेली.

टेबलावरच्या पिशवीत डोरिसच्या तळव्यांचे खळगे हळूहळू भरत होते.