हेडरमधला ‘पास’

संस्थेच्या सचिवांनी माझ्यापुढं कागद सरकवला. “म्याडम, हितं सही करा. मेल खरा हाय म्हणून लिवलंय, तेवढंच.”

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. कोल्हापुरातल्या एका खाजगी कॉलेजात मी मेलचा सर्व्हर सांभाळत होते. आमच्या ग्रंथपाल बाई आईच्या आजारपणामुळं आजऱ्याला रजेवर होत्या. जायच्या आधी त्यांनी न आलेल्या पुस्तकांच्या पोचेवर सही करायला साफ नकार दिला होता. आणि आता सचिवांच्या खाजगी मेलवर बाईंचा राजीनामा आला होता, तोही कॉलेजच्या पत्त्यावरून. संस्थेच्या सभासदांच्या दुपारच्या बैठकीत तो मंजूर व्हायचा होता. अडलं होतं ते फक्त माझ्या सहीवर.

मी सचिवांसमोरच बाईंना फोन लावला. “राजीनामा? मी? अहो, मी दवाखान्यात बसलीय. सोळा वर्षं नोकरी झाली माझी, ती कशाला सोडू?” एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या. मला रडणाऱ्याची कीव येण्याआधी रडवणाऱ्याचा राग येतो. तो आला.

“मूळ मेल दाखवा,” मी म्हटलं.

“ह्यो काय!” सचिवांनी स्क्रीनशॉटचा प्रिंट पुढं केला. त्यांच्या पुतण्यानं मेलचा सगळा हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, उघडून स्क्रीनचं चित्र काढलं होतं. आमच्याकडं तशी पद्धतच होती. मेल आला की प्रिंट काढायचा, फाइलला लावायचा, मग तो ब्रह्मवाक्य. सचिवांनी दोन ठिकाणी लाल पेनानं गोल केले होते. एक spf=pass वर, दुसरा dkim=pass वर. “दोन-दोनदा पास लिवलंय की! कंपूटर खोटं बोलतोय व्हय?”

“कंप्युटर खरं बोलतोय, साहेब. तुम्ही अर्धंच वाचलंय.”

माझं बोट गोलाच्या पुढं सरकलं. पास, पण कोण पास? एसपीएफच्या तपासणीत बघतात ते इतकंच, की मेल आणून देणाऱ्या सर्व्हरला पत्त्यातल्या डोमेनच्या, म्हणजे @ नंतरच्या नावानं पाठवायची परवानगी आहे का. ते डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या From वरून घेत नाहीत, हेडरमध्ये दडलेल्या पाठवणीच्या पत्त्यावरून घेतात. हेडरमध्ये तो पत्ता आमच्या कॉलेजचा नव्हताच. तो होता एका शुभेच्छापत्रांच्या वेबसाइटचा. तिथं From मध्ये कुणाचाही पत्ता टाकून मेल धाडता येत असे. वेबसाइटचं स्वतःचं डोमेन, स्वतःचा सर्व्हर, मग पास होणारच!

“आणि दुसरा?”

“डीकेआयएम म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरनं मेलवर केलेली सही. ही सहीसुद्धा त्याच वेबसाइटची आहे. बघा, पुढं तिचंच नाव आहे. आपला सर्व्हर मेलवर सही करतच नाही. तो मीच बसवलाय आणि ते काम माझ्याकडून राहून गेलंय. मग ही सही आपली कशी?”

सर्व्हरची त्या दिवसाची नोंदही मी काढून दाखवली. बाईंच्या पत्त्यावरून सचिवांना एकही मेल गेला नव्हता.

सचिव काही कच्चे नव्हते. “बाईनीच त्या साइटवरनं धाडला असंल तर?”

प्रश्न बरोबर होता. बटण कुणी दाबलं, हे हेडर सांगत नाही, आणि सांगतो म्हणून मी थाप मारणार नव्हते. “असेलही. पण मग तो कुणीही धाडला असेल, तुम्हीसुद्धा. शिवाय हे नुसतं चित्र आहे, चित्रातली अक्षरं बदलता येतात. मेल उघडून मूळ मजकूर मला द्या, मी परत तपासते. नाहीतर बाईंना बोलवा, समोर लिहून घ्या.”

मेल उघडायला ते तयार होईनात. आवाज मात्र चढला. “तुमचं काय जातंय ओ? हितली नोकरी तुमाला नको हाय काय?”

नोकरी हवी होती. घराचा हप्ता होता, मुलगी शाळेत होती. मी त्यांचा टाईप केलेला मजकूर आडवी रेघ मारून खोडला आणि खाली हातानं लिहिलं: हा मेल कॉलेजच्या सर्व्हरवरून आलेला नाही. दोन्ही ‘पास’ दुसऱ्या डोमेनचे आहेत. यावरून हा राजीनामा ग्रंथपालांचा ठरत नाही.

त्याखाली पूर्ण नावानं सही केली आणि बैठकीच्या खोलीत जाऊन प्रत्येक सभासदापुढं एकेक झेरॉक्स ठेवली. राजीनामा त्या दिवशी मंजूर झाला नाही, नंतरही नाही. आठवड्याभरात सर्व्हर माझ्याकडून काढून घेतला आणि मला परीक्षा विभागात उत्तरपत्रिका मोजायला बसवलं. मी मोजल्या.

पुढच्या सोमवारी रजा संपवून आलेल्या ग्रंथपाल बाई माझ्या टेबलाशी आल्या. “तुमच्यावर माझ्यापायी…”

“तुमच्यापायी नाही,” मी म्हटलं. “त्यांना माझी सही हवी होती. मी दिली.”